काल २३, आज ८३ : आयव्ही रँकचा अलर्ट नेमका कशावर वाजतो?

मागच्या आठवड्यात एका मित्राचा मेसेज आला. स्क्रीनशॉट आणि खाली एकच ओळ, "अरे आयव्ही रँक ८३ झालाय, प्रीमियम जाम महाग दिसतायत, ऑप्शन विकून टाकू का?" त्याने एका शेअरवर अलर्ट लावून ठेवला होता, रँक ५० च्या वर गेला की फोन वाजणार. वर्षभर तो फोन वाजला नव्हता आणि त्या दिवशी वाजला. मी त्याला विचारलं, काल किती होता? म्हणाला २३. मग आयव्ही काल किती होती? ४२. आज? थोडा वेळ गेला आणि उत्तर आलं, "४२च आहे."

म्हणजे ज्याचा रँक काढतोय ती गोष्ट जागची हललीच नाही, आणि रँक मात्र एका रात्रीत २३ वरून ८३. बरं, अ‍ॅप बिघडलं होतं म्हणावं तर तेही नाही, गणित दोन्ही दिवशी बरोबर होतं. हे कसं झालं ते कळलं ना, की आयव्ही रँक कळला समजा.

आधी आयव्ही म्हणजे काय ते बघू

ऑप्शन हा विम्यासारखा प्रकार आहे. घराचा विमा काढताना तुम्ही प्रीमियम भरता, आणि कंपनीला धोका जास्त वाटला तर प्रीमियम वाढतो. ऑप्शनमध्येही तसंच, शेअर फार हलेल असं लोकांना वाटलं की ऑप्शनचा प्रीमियम वाढतो, शांत राहील असं वाटलं की उतरतो.

आता प्रीमियम ठरतो कशावरून, तर शेअरचा भाव, स्ट्राइक म्हणजे सौद्यात आधीच ठरलेला भाव, ऑप्शनची मुदत संपायला म्हणजे एक्स्पायरीला किती दिवस उरलेत, व्याजदर (आणि डिव्हिडंड असेल तर तो), आणि शेअर किती हलेल याचा अंदाज. यातल्या बाकी सगळ्या गोष्टी समोर दिसतात, फक्त शेवटची दिसत नाही. मग आपण उलटं गणित करतो, बाजारात प्रीमियम एवढा चाललाय ना, मग हा प्रीमियम बरोबर यायला शेअर किती हलेल असं धरावं लागेल? ते जे उत्तर येतं ती इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे आयव्ही. थोडक्यात प्रीमियमच्या पोटात लपलेला हालचालीचा अंदाज.

हा आकडा वार्षिक टक्क्यांत सांगतात त्यामुळे पटकन डोक्यात बसत नाही. त्यावर ट्रेडर लोकांची जुनी युक्ती आहे, आयव्हीला १६ ने भागा. वर्षात साधारण २५२ ट्रेडिंग दिवस असतात आणि २५२ चं वर्गमूळ १६ च्या जवळ येतं, म्हणून १६. आयव्ही ३२ म्हणजे रोज साधारण २ टक्के हालचाल धरलीय, वर किंवा खाली, दिशा नाही सांगत. मित्राच्या शेअरची ४२ म्हणजे रोज २.६ टक्के. हे भागून बघायची सवय लावून घ्या, पुढे फार कामाला येते.

मग रँक कशाला हवा?

कारण नुसतं ४२ म्हटलं तर जास्त की कमी ते कळत नाही. नाडीचं उदाहरण घ्या. रोज लांब पळणाऱ्याची बसल्या जागी नाडी ५० असते, दुसऱ्याची ८०. ७५ हा आकडा एकासाठी काळजीचा आणि दुसऱ्यासाठी नेहमीपेक्षा कमीच. शेअरचंही तसंच आहे, एखाद्या सुस्त मोठ्या कंपनीच्या शेअरला ४२ म्हणजे काहीतरी घडतंय, आणि एखाद्या छोट्या औषध कंपनीच्या शेअरला ४२ म्हणजे झोपलाय.

म्हणून आजच्या आयव्हीची तुलना त्याच शेअरच्या मागच्या वर्षभराशी करायची. वर्षातली सगळ्यात कमी आयव्ही म्हणजे पट्टीचं शून्य, सगळ्यात जास्त म्हणजे शंभर, आजची कुठे पडते तो रँक.

```
IV Rank = 100 * (iv_today - iv_low) / (iv_high - iv_low)
```

मित्राच्या शेअरमध्ये अलर्ट वाजला त्या दिवशी वर्षातली कमी २२ होती, जास्त ४६, आजची ४२. वर ४२ वजा २२ म्हणजे २०, खाली ४६ वजा २२ म्हणजे २४, वीस भागिले चोवीस, गुणिले शंभर, ८३. एवढंच आहे. यात कुठलाही भविष्याचा अंदाज नाही, कुठलं मॉडेल नाही, शाळेतलं गणित आहे.

पट्टीची दोन टोकं फक्त दोन दिवस ठरवतात

खरी गोम इथे आहे. फॉर्म्युला परत बघा, २५२ दिवसांपैकी त्यात किती दिवस वापरलेत? आजचा एक, सगळ्यात कमीचा एक, सगळ्यात जास्तचा एक. बाकीचे २४९ दिवस आयव्ही काय करत होती याचा या आकड्याशी काहीही संबंध नाही. वर्षातून एक दिवस, एकच दिवस, आयव्ही वेड्यासारखी वर गेली की पट्टीचं वरचं टोक तिथे जाऊन बसतं आणि वर्षभर तिथून हलत नाही. वर्गातल्या एका मुलाने शंभरपैकी शंभर मिळवले म्हणून बाकी सगळ्यांचे मार्क त्याच्या हिशोबात मोजायचे, तसलं काहीतरी.

म्हणून याला एक भाऊ आहे, आयव्ही पर्सेंटाइल. तो वेगळा प्रश्न विचारतो, मागच्या वर्षातल्या किती टक्के दिवशी आयव्ही आजच्यापेक्षा कमी होती? इथे प्रत्येक दिवसाला एक मत, वेड्या दिवसालाही एकच. दोघांची नावं सारखी वाटतात आणि काही ठिकाणी तर एकाच्या नावाखाली दुसरं दाखवलेलं असतं, त्यामुळे अलर्ट लावायच्या आधी आपलं अ‍ॅप नक्की काय मोजतंय ते एकदा हाताने गणित करून तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

२५ ला रँक शंभर आणि ३० ला रँक सव्वीस

हे नुसतं पुस्तकी वाटत असेल तर २०२० बघा. अमेरिकेतल्या एस अँड पी ५०० निर्देशांकाच्या ऑप्शनवरून शिकागोचं सीबीओई एक्स्चेंज व्हिक्स काढतं, म्हणजे त्या निर्देशांकाची पुढच्या ३० दिवसांची आयव्हीच म्हणा. त्याचे रोजचे बंद आकडे सगळ्यांना मिळतात, म्हणून उदाहरणाला बरा.

२४ फेब्रुवारी २०२० ला व्हिक्स २५.०३ वर बंद झाला. त्याच्या आधीच्या वर्षभरात सगळ्यात जास्त बंद होता २४.५९, ऑगस्ट २०१९ मधला, आणि सगळ्यात कमी होता ११.५४, नोव्हेंबर २०१९ मधला. म्हणजे २५.०३ हा वर्षाचा नवा उच्चांक, रँक शंभर. ज्याने ज्याने अलर्ट लावला होता त्या सगळ्यांचे फोन वाजले असणार, "विमा वर्षातला सगळ्यात महाग झालाय". आणि मग? त्याच आठवड्याच्या शुक्रवारी ४० च्या वर बंद, आणि १६ मार्चला ८२.६९. रँक शंभर असताना ज्याने महाग म्हणून विकला त्याने खरं तर पुढच्या महिन्याभरातला सगळ्यात स्वस्त विमा विकला होता.

रँक शंभरच्या वर जाऊ शकत नाही हे लक्षात ठेवा. पण आयव्हीला असं कुणी सांगितलेलं नाही. आयव्ही वर जाते तसं पट्टीचं टोकच तिच्यासोबत वर सरकतं, रोज नवा उच्चांक, रोज रँक शंभर. २५ ला शंभर, ४० ला शंभर, ८२ लाही शंभर.

आता पुढे या, जूनअखेर. व्हिक्स ३० च्या जवळ. कमीचं टोक अजून ११.५४, जास्तचं आता ८२.६९. १८ आणि थोडं वरचं भागिले ७१, रँक आला २६. अलर्ट गप्प. पण ३० हा आकडा फेब्रुवारीतल्या २५ पेक्षा जास्त आहे, आणि व्हिक्सची बऱ्याच वर्षांची सरासरी १९-२० च्या आसपास आहे, म्हणजे विमा तेव्हाही चांगलाच महाग होता. चार महिन्यांत २५ ला "महाग" आणि ३० ला "स्वस्त" असं एकच अलर्ट सांगून गेला. पर्सेंटाइल मात्र जूनमध्येही वरच राहिला असता, कारण त्या वर्षाचा मोठा भाग, जवळजवळ सगळा २०१९ चा भाग, २० च्या खाली गेला होता.

उलटी बाजूही आहे. २०१७ मध्ये बाजार इतका शांत होता की ३ नोव्हेंबरला व्हिक्स ९.१४ वर बंद झाला, आणि वर्षातलं वरचं टोक होतं साधारण १६. पट्टीच इवलीशी, ७ पॉइंटांची. जानेवारी २०१८ च्या शेवटी व्हिक्स साडेतेराच्या आसपास होता, रँक साठच्या वर, बऱ्याच लोकांच्या हिशोबात "विकायचा झोन". साडेतेरा! १६ ने भागा, रोज ०.८४ टक्के हालचाल. ५ फेब्रुवारी २०१८ ला व्हिक्स एका दिवसात १७ वरून ३७ वर गेला. पट्टी छोटी असली की जरासं हललं तरी रँक उड्या मारतो, म्हणून रँकसोबत पट्टीची लांबी बघितलीच पाहिजे, नुसता रँक दाखवणारा अलर्ट मला अर्धवट वाटतो.

मित्राचं कोडं सुटतं

परत त्या शेअरकडे. मी त्याला म्हटलं वर्षभराची रोजची आयव्ही काढून बघ, आकड्यांची यादी, चार्ट नको. यादीत वर्षापूर्वीच्या एका दिवशी आकडा होता ११०. त्याच्या आदल्या दिवशी ३१, दुसऱ्या दिवशी ३०. आणि तो दिवस अलर्ट वाजायच्या आदल्या दिवसापर्यंत २५२ दिवसांच्या खिडकीत होता, अलर्ट वाजला त्या दिवशी तो खिडकीच्या बाहेर पडला.

म्हणजे वर्षभर पट्टी २२ ते ११० अशी होती. ४२ वजा २२, वीस, भागिले ८८, आला २३. एक दिवस सरला, ११० यादीतून गेला, पुढचा सगळ्यात मोठा आकडा ४६, पट्टी झाली २२ ते ४६, आणि तेच वीस आता २४ ने भागले गेले. तेवढीच आयव्ही, तेवढाच प्रीमियम, फोन मात्र वाजला. अलर्ट आज काय झालं ते सांगत नव्हता, वर्षापूर्वी काय झालं होतं ते आता विसरलो एवढंच सांगत होता. पर्सेंटाइल बघितला तर काल ९१ आणि आज ९१, २५२ पैकी २२९ दिवस ४२ च्या खाली, दोन्ही दिवशी.

यातून दुसरी गोष्टही निघते जी मला जास्त टोचली. वर्षभर त्याचा अलर्ट वाजला नाही म्हणून तो म्हणत होता शेअर शांत आहे. शांत नव्हता, मधे दोनदा आयव्ही ४५ च्या आसपास जाऊन आली होती, पण ११० च्या पट्टीवर ४५ म्हणजे रँक २६. खोटा अलर्ट वाजला तर निदान दिसतो तरी, न वाजलेला अलर्ट दिसत नाही.

पण ११० आला कुठून?

आदल्या दिवशी ३१, दुसऱ्या दिवशी ३०, आणि मधे ११०. खरी भीती अशी एका दिवसात येऊन रात्रीत गायब होत नाही, उतरायला दिवस लागतात, २०२० मध्ये व्हिक्सला ८२ वरून ३० च्या खाली यायला जवळजवळ दोन महिने लागले. आणि त्या दिवशी शेअर स्वतः एक टक्कासुद्धा हलला नव्हता, कसली बातमीही नाही. अशा वेळी संशय डेटावर घ्यायचा.

आयव्ही प्रीमियमवरून निघते हे आपण बघितलं. पण कुठला प्रीमियम? ज्या शेअरच्या ऑप्शनमध्ये फारसं ट्रेडिंग नसतं तिथे घेणारा एक भाव लावून बसतो, विकणारा भलताच, आणि मधे मोठी दरी. समजा शेअर १०० वर आहे, ३० दिवस उरलेत, १०० चा कॉल, म्हणजे १०० ला शेअर घ्यायचा हक्क देणारा ऑप्शन आहे. घेणारा म्हणतो २, विकणारा म्हणतो ६. याचं ढोबळ गणित असं, शेअरच्या भावाला ०.४ ने गुणा, मग वर्षातल्या उरलेल्या भागाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३० भागिले ३६५ चं वर्गमूळ, ०.२८७. येतात साधारण ११.५. प्रीमियमला या ११.५ ने भागलं की आयव्ही. प्रीमियम २ धरला तर १७ टक्के, मधला ४ धरला तर ३५, आणि ६ धरला तर ५२. एकच ऑप्शन, एकच क्षण, आणि आयव्ही १७ पासून ५२ पर्यंत काहीही. आता त्या दिवशी बाजार बंद होताना घेणारा कुणी नव्हताच आणि कुणीतरी नुसतं लावून ठेवलेलं १२.६ चं ऑफर सिस्टीमने बंद भाव म्हणून उचललं, तर आयव्ही किती? ११०. अगदी असंच झालं असेल असं मी शपथेवर सांगणार नाही, पण आजूबाजूचे आकडे दुसरं काही सुचवत नाहीत.

म्हणजे एका कचरा आकड्याने वर्षभर अलर्ट दाबून ठेवला आणि मग जाताना एकदा वाजवून गेला.

ओळखायचं कसं ते आता तुम्हालाच कळलं असेल, उच्चांकाची तारीख काढा आणि त्याच्या दोन्ही बाजूचे दिवस बघा, शेअर त्या दिवशी किती हलला ते बघा. एकटाच उभा राहिलेला सुळका असेल तर तो काढून रँक परत मोजा. बाजार उघडल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत आलेल्या अलर्टचंही तेच, तेव्हा भाव नीट बसलेले नसतात.

रिझल्टच्या आधी वाजणारा अलर्ट

समजा डेटा स्वच्छ आहे, पट्टीही नीट आहे, तरी एक प्रकारचा अलर्ट दर तीन महिन्यांनी वाजतोच, कंपनीच्या तिमाही रिझल्टच्या आधी. आणि इथे लोक सगळ्यात जास्त फसतात कारण तो खराच असतो, फक्त त्याचा अर्थ वेगळा असतो.

एक शेअर घ्या, एरवी त्याची आयव्ही २५, म्हणजे रोज १.५६ टक्के. रिझल्टच्या दिवशी मात्र तो ६ टक्के हलेल असं सगळे धरून चाललेत. ऑप्शनच्या पोटात आता दोन प्रकारचे दिवस आहेत, बरेच साधे आणि एक रिझल्टचा. हालचालींची बेरीज करताना सरळ टक्के मिळवत नाहीत, वर्ग करून मिळवतात. १.५६ चा वर्ग २.४४, सोयीसाठी २.५ धरू, आणि ६ चा वर्ग ३६. बघा, रिझल्टचा एक दिवस साध्या १४ दिवसांच्या बरोबरीचा झाला.

एक्स्पायरीला २१ ट्रेडिंग दिवस असताना : २० साधे दिवस गुणिले २.५ म्हणजे ५०, अधिक ३६, ८६. २१ ने भागा, ४.१, वर्गमूळ २ च्या जरा वर, १६ ने गुणा, आयव्ही ३२. आता दिवस सरत गेले, रिझल्ट अजून पुढेच आहे, आणि पाचच दिवस उरले. ४ साधे दिवस म्हणजे १०, अधिक ३६, ४६. ५ ने भागा, ९.२, वर्गमूळ ३ च्या वर, गुणिले १६, आयव्ही ४८.

३२ वरून ४८. कुणी जास्त घाबरलं नाही, रिझल्टबद्दलचा अंदाज ६ टक्क्यांवरून हलला नाही. फक्त साधे दिवस गळून पडले आणि त्या एका दिवसाचं वजन वाढलं, जसं पातेल्यातलं पाणी आटलं की मीठ तेवढंच असून खारट लागतं. रँक भरभर वर जातो, अलर्ट वाजतो, आणि माणूस म्हणतो महाग झालं. रिझल्टच्या दुसऱ्या दिवशी आयव्ही २५ वर येऊन आपटते, ट्रेडर लोक त्याला आयव्ही क्रश म्हणतात, आणि विकणाऱ्याला वाटतं बघा मी म्हटलं नव्हतं महाग होतं. अहो पण शेअर ६ च्या ऐवजी १० टक्के हलला असता तर क्रश होऊनही लॉसच झाला असता. आयव्ही पडणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं आणि ते प्रीमियममध्ये धरलेलंच असतं, विकणाऱ्याला त्याचं वेगळं बक्षीस मिळत नाही. खरा प्रश्न एवढाच की ६ टक्के जास्त धरलेत की कमी, आणि त्याबद्दल रँक चकार शब्द बोलत नाही. त्यापेक्षा हा शेअर आधीच्या सात-आठ रिझल्टला किती किती हलला होता ते बघणं जास्त उपयोगाचं.

तुमचं अ‍ॅप कायम ३० दिवसांची आयव्ही मोजत असेल तर हा फुगवटा कमी दिसेल, जवळच्या एक्स्पायरीची मोजत असेल तर भरपूर. म्हणून एकाच शेअरचा रँक दोन अ‍ॅपमध्ये ४० आणि ८० दिसू शकतो आणि दोन्ही चूक नसतात.

"पण आयव्ही वर गेली की खाली येतेच ना?"

हा आक्षेप नेहमी येतो आणि त्यात तथ्य आहे. आयव्ही कायम वर राहत नाही, सरासरीकडे परत येते, आणि मोठ्या निर्देशांकांमध्ये आयव्ही प्रत्यक्ष झालेल्या हालचालीपेक्षा सरासरीने थोडी जास्तच असते, विमा विकणाऱ्याला धोका घेण्याबद्दल काहीतरी मिळायलाच हवं म्हणून. मी ते नाकारत नाही. पण कधी येते हे रँक सांगत नाही, आणि येण्याआधी कुठपर्यंत जाऊन येते हेही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये २५ ला विकणाराही शेवटी बरोबरच ठरला, व्हिक्स परत २५ च्या खाली आलाच, फक्त मधे ८२ लागला आणि तोपर्यंत त्याचं ब्रोकरकडे ठेवलेलं मार्जिन उरलं असेल का हा प्रश्न आहे.

आणि "रँक पाच आहे, म्हणजे स्वस्त, घेऊन ठेवू" हे पण तसंच. २०१७ मध्ये महिनोन्‌महिने रँक तळाशी होता आणि ऑप्शन घेणाऱ्यांचा प्रीमियम रोज थोडा थोडा वितळत होता.

महाग की स्वस्त हे कळायला आयव्ही शेअरच्या खऱ्या हालचालीशी ताडून बघावी लागते. म्हणून तो १६ चा भागाकार. मित्राच्या शेअरची ४२ म्हणजे रोज २.६ टक्के, आणि मागचे वीस दिवस काढले तर शेअर खरोखर रोज अडीच टक्क्यांच्या आसपास हलत होता. म्हणजे बाजार जे बघत होता तेवढंच मागत होता, एक रुपया जास्त नाही. रँक ८३ आणि तरी महाग नाही. हेच ४२ ला शेअर रोज दीड टक्का हलत असता तर गोष्ट वेगळी होती.

मग अलर्ट ठेवायचा की काढायचा?

मी ठेवतो. शंभर शेअर रोज डोळ्यांनी बघणं शक्य नाही, कुठे बघायचं एवढं सांगायला रँक चांगला आहे. फक्त मी त्याला एकटा सोडत नाही. रँक आणि पर्सेंटाइल दोन्ही एकत्र वर असतील तरच वाजायचं, बाजार बंद झाल्यावरच्या आकड्यावर वाजायचं, आणि मेसेजमध्ये रँकशेजारी आजची आयव्ही, वर्षाचं कमी-जास्त, त्या दोन्हींच्या तारखा आणि पुढच्या रिझल्टची तारीख, एवढं आलं पाहिजे. नुसतं "८३" वाचून काहीच करता येत नाही. एक बारीक गोष्ट अजून, ५० ला अलर्ट लावला आणि रँक ४९, ५१, ४९, ५१ करत बसला तर फोन दिवसभर वाजतो, त्यामुळे ६० ला वाजव आणि परत ५० च्या खाली गेल्याशिवाय पुन्हा वाजवू नको असं सांगून ठेवलंय. जिथे ही सोय नाही तिथे मी सरळ एका शीटमध्ये रोजची आयव्ही उतरवतो, कंटाळवाणं आहे पण तारखा डोळ्यासमोर राहतात.

मित्राला हे सगळं सांगून झाल्यावर तो थोडा नाराज झाला. "म्हणजे आज काहीच झालं नाही?" मी म्हटलं झालं ना, एक वर्षापूर्वीचा आकडा गेला. त्याने काही विकलं नाही. संध्याकाळी त्याचा परत मेसेज आला, त्याच्या बाकीच्या अकरा शेअरचे उच्चांक त्याने तारखेसकट काढले होते, आणि त्यातले दोन असेच एकटे सुळके होते, एक पुढच्या महिन्यात खिडकीबाहेर पडणार होता. त्या तारखेला त्याने कॅलेंडरमध्ये लिहून ठेवलंय, "अलर्ट येईल, दुर्लक्ष करणे".